आकृतीतल्या नावांना अर्धा गुण कधी द्यायचा?

हाडं-स्नायूंच्या आकृत्या तपासताना अर्ध्या गुणाचा निकष दहाव्या पेपरापर्यंत बदलून जातो. म्हणून एक पेपर पूर्ण न तपासता सगळ्या पेपरांतला एकच बाण ओळीने तपासा आणि प्रत्येक चुकीला विचारा: लिहिलेलं नाव नेमकं कुठे बोट दाखवतं?

समजा, मांडीच्या पुढच्या बाजूला रेक्टस फिमोरिसवर बाण आहे.

१. स्पेलिंग चुकलं, पण वाचून तोच स्नायू कळतो: पूर्ण गुण.

२. नुसतं 'क्वाड्रिसेप्स' लिहिलंय: अर्धा. रेक्टस त्या चौघांपैकीच एक. गट ओळखला, स्नायू नाही.

३. शेजारचा व्हास्टस लॅटरॅलिस किंवा पोटाचा रेक्टस ॲबडॉमिनिस लिहिलाय: शून्य. 'रेक्टस' शब्द जुळला म्हणून मन विरघळू देऊ नका.

टिबिया-फिब्युलाची अदलाबदल असेल तर मी दोन्हींना शून्यच देते. कोणतं हाड आतल्या बाजूला, कोणतं बाहेरच्या, हेच तर विचारलेलं असतं. मात्र 'पेरोनियस लाँगस' आणि 'फिब्युलॅरिस लाँगस' ही एकाच स्नायूची जुनी-नवी नावं आहेत, दोन्ही पूर्ण बरोबर.

जपून राहायचं ते इलियमपाशी. त्यात 'आय'च्या जागी 'ई' पडला की कमरेच्या हाडाचं लहान आतडं होतं! कमरेच्या हाडाच्या आकृतीत मी अर्धा देते. पण त्याच पेपरात आतड्याचीही आकृती असेल तर शून्य, आणि हे तपासणी सुरू होण्याआधीच उत्तरसूचीत लिहून ठेवते.