टीम्सवरचा मेसेज डिलीट करण्याआधीची तयारी

समजा, टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड चुकून सहा जणांच्या ग्रुप चॅटमध्ये पडला. हात आधी `Delete` कडे जातो. तो जाऊ द्या, पण पासवर्ड त्याच मिनिटाला बदला, कारण मेसेज पुसला तरी तो पासवर्ड कुणीतरी वाचलेला असू शकतो आणि कंपनीकडे त्याची प्रत राहू शकते.

ती कशी राहते, हे आयटीला आधीच विचारून ठेवा. प्रश्न नेमका करा: टीम्सच्या चॅटला रिटेन्शन पॉलिसी, म्हणजे मेसेज किती काळ जपायचे किंवा कधी पुसायचे याचा कंपनीचा नियम, लागू आहे का, किती काळाची, आणि चॅनेलसाठी वेगळी आहे का? समजा, चॅटसाठी एक वर्षाची आहे आणि तुमचा मेसेज ३ मार्चचा. डिलीट केल्यावर तो चॅटमधून लगेच जाईल. पण मागे, मेलबॉक्समधल्या `SubstrateHolds` नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये तो २१ दिवसांनी हलवला जाईल आणि पुढच्या मार्चपर्यंत तिथेच राहील. हे फोल्डर आउटलुकमध्ये तुम्हाला दिसत नाही. ज्यांच्याकडे ई-डिस्कव्हरीचे, म्हणजे चौकशीसाठी कंपनीचा डेटा शोधण्याचे, अधिकार आहेत त्यांना मात्र त्यातला मेसेज शोधता येतो. मुदत संपली तरी तो त्याच दिवशी जात नाही, साफसफाई व्हायला आणखी काही दिवस लागतात. एडिट करूनही सुटका नाही, कारण मूळ मजकुराची प्रत याच फोल्डरमध्ये जाते. दोन पॉलिसी एकमेकींना छेदत असतील तर जपून ठेवणारी जिंकते, आणि दोन्ही जपणाऱ्या असतील तर जास्त मुदतीची.

संपूर्ण चॅट डिलीट केलीत तर ती फक्त तुमच्या यादीतून जाते, समोरच्यांकडे जशीच्या तशी असते. चुकीचा मेसेज त्यांच्यापुढून काढायचा असेल तर तोच मेसेज उघडून डिलीट करायला हवा. काही कंपन्यांत हा पर्यायच बंद असतो. तुमच्याकडे तो दिसतो का, हे एखादा साधा मेसेज पाठवून आजच पाहून घ्या.

फाइलची गोष्ट निराळी, आणि लोक नेमके इथेच चुकतात. चॅटमध्ये टाकलेली पगाराची एक्सेल तुमच्या वनड्राइव्हवर `Microsoft Teams Chat Files` मध्ये बसलेली असते. मेसेज काढला तरी ती तिथेच असते आणि ज्यांना दिली त्यांचा अ‍ॅक्सेसही कायम राहतो. म्हणून आधी तिथे जाऊन शेअरिंग काढा, मग मेसेज. कुणी ती डाउनलोड केली असेल तर ती परत आणता येत नाही. त्या सहा जणांना सरळ सांगून पुसायला लावा आणि साहेबांनाही कळवा.

या विषयावर चौकशी किंवा खटला सुरू आहे, काहीही पुसू नका, असा विधी विभागाचा मेल आला असेल, तर मात्र `Delete` ला हातच लावू नका. तिथे मुदत मोजली जात नाही, होल्ड, म्हणजे जपून ठेवण्याचा तो आदेश, उठेपर्यंत सगळे जपले जाते. आणि पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. मेसेज चुकीचा होता असे वाटत असेल, तर तो तसाच ठेवून खाली दुरुस्तीचा मेसेज लिहा.