चहाच्या टपरीवर नफा कुठे गळतो, ते रोजच्या वहीतून कसं शोधावं

गल्ल्यात दिवसभर पैसे पडतात, दूधवाल्याचं बिल वेळेवर जातं, गिऱ्हाईकही तुटलेलं नाही, आणि तरी महिनाअखेरीला हातात उरतं ते कमीच. चहाच्या धंद्यात असं झालं की संशय आधी दुधाच्या भावावर जातो आणि मग कामाला ठेवलेल्या पोरावर. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये टपरी चालवणाऱ्या एका मावशींचंही तसंच झालं होतं. टपरीवर त्यांचा भाचा मदतीला असतो. "घरचाच पोरगा, त्याला विचारू तरी कसं?" असं त्या म्हणायच्या. विचारायची वेळच आली नाही, कारण त्यांनी वही घातली आणि गळती भलतीकडेच निघाली. त्यांनी जे केलं ते कुठल्याही टपरीवर करता येईल, म्हणून त्यांचेच आकडे घेऊन सांगते.

बहुतेक टपऱ्यांवर वही असतेच, पण ती पैशांची: दूध इतक्याचं, साखर इतक्याची, गल्ला इतका. या वहीतून नफा कमी झालाय एवढंच कळतं. तो कुठे गेला हे कळायला चहाचा हिशेब लागतो, म्हणजे किती चहा बनला आणि त्यातला किती कुठे गेला. पैसे आणि चहा एकाच मापात आणले की फरक दिसायला लागतो. ते माप म्हणजे आपला कप.

तेव्हा आधी आपला कप किती मिलिलिटरचा ते मोजा. कपाच्या पाकिटावरचा आकडा काठोकाठ भरल्याचा असतो, आपण तेवढा भरत नाही. नेहमीच्या सवयीने दहा कप भरा, ते सगळे एका मापात ओता आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा. मावशींचा कप ८० मिलिलिटरचा निघाला. भाच्याच्या हातचे दहा कपही वेगळे मोजले, तेही जवळपास तेवढेच भरले. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिलिलिटरचा फरक निघाला तर तिथेच थांबा, गळती सापडली. मावशींकडे ती नव्हती.

मग पातेलं. त्या एका वेळी ४ लिटर दूध आणि २ लिटर पाणी चढवतात. उकळून, गाळून ६ लिटर चहा मिळत नाही. काही वाफेवर जातो, काही चहाची भुकटी पिऊन घेते. नेमका किती उरतो हे अंदाजाने धरू नका, कारण पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा राहतो. मावशींनी रिकाम्या किटलीत लिटरच्या मापाने पाणी ओतलं, प्रत्येक लिटरला पळी सरळ उभी धरली आणि पाणी जिथवर आलं तिथे खिळ्याने दांड्यावर ओरखडा काढला. अर्ध्या लिटरच्या खुणा मध्ये बारीक काढल्या. तेव्हापासून गाळलेला चहा किटलीत पडला की पळी बुडवायची, ओरखडा बघायचा आणि वहीत लिहायचं. गाळण्याआधी मोजू नका, तो आकडा फसवा असतो. त्यांचं पातेलं सरासरी ५ लिटर २०० मिलिलिटर भरलं, म्हणजे ६५ कप.

चहा मंद आचेवर तासभर उकळत राहिला तर तो आटतो आणि कप कमी भरतात. गर्दी ओसरल्यावर असं हमखास होतं. म्हणून आकडा दर पातेल्याचा वेगळा लिहा, दिवसाचा एकत्र नको.

रोजच्या पानावर फार काही लिहायचं नाही. टपरीवर हात ओले असतात, समोर माणसं उभी असतात, मोठा तक्ता दोन दिवसांत बंद पडतो. मावशींच्या वहीतलं एका बुधवारचं पान असं होतं:

बनला: ७ पातेली, ३६.४ लिटर, म्हणजे ४५५ कप
टपरीवर विकले: २४३
ऑफिसचे थर्मास: ८ (प्रत्येकी २० कप) = १६०
फुकट: ६ (आम्ही दोघं, वॉचमन)
सांडला, उरला: ६
लागला हिशेब: ४१५
फरक: ४०

टपरीवर किती कप गेले हे मोजायला कागदी कप सोपे पडतात. पन्नासची पाकिटं असतात. सकाळी किती होते, रात्री किती उरले, मधला फरक म्हणजे वापरलेले कप. त्यातून फुकटचे आणि फाटलेले वजा केले की विकलेले मिळतात. हा आकडा रोख, यूपीआय आणि उधारी यांच्या बेरजेशी जुळला पाहिजे. कप दहा रुपयांचा असल्याने २४३ कपांचे २,४३० रुपये. मावशींचे पैसे रोज वीस-तीस रुपयांच्या आत जुळत होते, आणि भाच्यावरचा संशय इथेच संपला. कप गेला आणि पैसा आला नाही असं होतच नव्हतं. काचेचे ग्लास असतील तर ही सोय नाही. मग दर पाच ग्लासांमागे वहीत एक रेघ ओढायची सवय लावावी लागते.

आता फरकाकडे या. एका दिवसाच्या फरकावरून काही ठरवू नका. पळीच्या खुणेवर नजर थोडी वर-खाली होते, एखादा कप सांडतो आणि लिहायचा राहतो. साडेचारशे कपांत पाच-सहाची चूक धरूनच चाला. पण मावशींचा फरक ३८, ४३, ४०, ३९ असा रोज त्याच घरात पडत होता. चुकून होणारी गोष्ट कधी जास्त असते, कधी कमी. रोज तेवढीच असेल तर ती कुणीतरी नेमाने करत असलेल्या कामातून येते. म्हणून दोन आठवडे वही भरू द्या आणि मग सगळे फरक एकाखाली एक लिहा. मी जवळच्याच एका वर्कशॉपचा हिशेब बघते, मावशींची वही मी अशीच उतरवून घेतली होती, आणि उतरवतानाच शनिवार डोळ्यात भरले. शनिवारी ऑफिसं बंद, वर्कशॉप चालू. त्या दिवशी ४ पातेली, २६० कप, आणि फरक फक्त ४.

असा एखादा वेगळा दिवस तुमच्याही वहीत शोधा. फरक कधी नाहीसा होतो हे कळलं की त्या दिवशी काय नव्हतं एवढंच बघायचं राहतं. दूध पातळ येत असतं तर शनिवारीही आलं असतं. भाचा मधेच दोन दिवस गावी गेला होता, तेव्हाही फरक चाळीसच्या आसपासच होता. शनिवारी टपरीवर नव्हते ते फक्त थर्मास.

थर्मास मोजायला पाच मिनिटं लागली. मावशींनी त्यात पाणी भरलं, भाचा भरतो तसं गळ्यापर्यंत, आणि मापात ओतलं. पूर्ण २ लिटर. २० कपांचा चहा म्हणजे १ लिटर ६०० मिलिलिटर. दर थर्मासमागे ४०० मिलिलिटर, म्हणजे ५ कप जास्त जात होते. चार ऑफिसं, सकाळ-दुपार मिळून ८ थर्मास, ४० कप. वहीतला आकडा बरोब्बर जुळला.

"अगं, आधीचे थर्मास लहान होते ना!" मावशींना लगेच आठवलं. ऑफिसवाल्यांनी मधे नवे घेतले होते. थर्मास बदलले, बिलावरचं 'वीस कप' तसंच राहिलं, आणि दिलेलं भांडं भरून द्यायचं ही तर टपरीची रीतच. कुणी फसवलं नव्हतं. कागदी कपांच्या मोजणीत हे दिसणारही नव्हतं, कारण ऑफिसचे कप ऑफिसचेच असतात.

यात किती बुडत होते हे काढताना घाई करू नका. ४० कप गुणिले दहा, म्हणजे रोजचे ४०० रुपये गेले, असं लगेच तोंडातून निघतं. पण तो चहा टपरीवर विकला गेलाच असता असं नाही. खरा खर्च पातेल्यातून काढा. मावशींचं दूध ७० रुपये लिटरने २८० रुपये, साखर १८, चहाची भुकटी ४८, आलं १०, गॅस अंदाजे ३४. एकूण ३९० रुपयांत ६५ कप, म्हणजे कपाला ६ रुपये. रोज ४० कपांचे २४० रुपये तर खिशातूनच जात होते. महिन्याचे २२ दिवस धरले तर ५,२८० रुपये. जास्त गेलेल्या कपांचे पैसे ऑफिसकडून मिळाले असते तर तेच ८,८०० झाले असते. नुकसान या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे, आणि ऑफिसशी बोलताना दोन्ही जवळ असलेले बरे.

बोलायचं कसं, हाही धंद्याचाच भाग. थर्मास गुपचूप कमी भरायला लागलात तर दुसऱ्याच दिवशी तक्रार येते. शिवाय अर्धवट भरलेल्या थर्मासमध्ये चहा लवकर निवतो, मग ती तक्रार वेगळी. मावशींनी प्रत्येक ऑफिसच्या प्यूनला बोलावून त्याच्यासमोर थर्मास मापात ओतून दाखवला. "दादा, यात पंचवीस बसतात. वीस हवेत तर वीस मापून देते, भरून हवा तर दोनशे चाळीस." पंचवीसचे अडीचशे होतात, दहा रुपये त्यांनी आपणहून सोडले. तीन ऑफिसांनी भरलेला थर्मास घेतला, एकाने वीसच मापून मागितले. त्या ऑफिससाठी मावशींनी १ लिटर ६०० मिलिलिटरचं वेगळं मापच करून ठेवलं, म्हणजे भाच्याला दर वेळी अंदाज करायला नको.

तीन ऑफिसांच्या ६ थर्मासमागे ४० रुपये जास्त, रोजचे २४०. चौथ्याच्या दोन थर्मासमध्ये १० कप वाचतात, त्यांचे ६० रुपये. दोन्ही मिळून रोज ३०० रुपये हाताला लागू लागले.

बदल केल्यावर लगेच वही बंद करू नका. त्याच पानावर, फक्त भरलेला थर्मास २५ कपांचा धरून, आणखी दोन आठवडे लिहा. मावशींचा फरक ५-६ वर आला, म्हणजे मोजण्यात होते तेवढीच चूक उरली. तो पंधरा-वीसवर अडला असता तर दुसरीही गळती आहे असं समजून पुन्हा शोधावं लागलं असतं. आता त्या रोज लिहीत नाहीत. महिन्यातला एक बुधवार आणि एक शनिवार पूर्ण मोजतात, कारण एक दिवस थर्मासचा आणि एक बिनथर्मासचा असला की फरक वाढला तर कुठल्या बाजूने वाढला ते लगेच कळतं. कागदी कपाची कंपनी बदलली, पातेलं नवं आलं किंवा ऑफिसने थर्मास बदलला, तर पुढच्या बुधवारची वाट न बघता त्याच दिवशी पाणी भरून मोजायचं.