ऑफरच्या ई-मेलला उत्तर देताना पगाराआधी लेव्हल विचारा: पदनाम आणि लेव्हलच्या वाटाघाटीतील चुका

ऑफरचा ई-मेल उघडला की नजर सर्वप्रथम आकड्यावर जाते आणि उत्तरही बहुधा त्या आकड्याभोवतीच लिहिले जाते. त्या ई-मेलमध्ये मात्र एकाच वेळी तीन निर्णय कळवलेले असतात. पहिला पदनामाचा, म्हणजे पत्रावर आणि पुढे तुमच्या बायोडेटावर काय छापले जाईल याचा. दुसरा लेव्हलचा, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत उतरंडीत तुम्ही कोणत्या पायरीवर असाल याचा. काही ठिकाणी तिला ग्रेड म्हणतात. तिसरा पगाराचा. यांपैकी पगार ठळकपणे लिहिलेला असतो, पदनाम एका ओळीत उरकलेले असते आणि लेव्हलचा पुष्कळदा उल्लेखच नसतो. प्रत्यक्षात पगार कोणत्या मर्यादेत राहणार हे लेव्हलवरूनच ठरलेले असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हा क्रम न ओळखल्यामुळे होतात.

चूक: पदनामावरून लेव्हलचा अंदाज बांधणे

‘सिनियर’, ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. पंधरा जणांच्या कंपनीतील ‘डायरेक्टर’ जे काम करतो, तेच काम मोठ्या कंपनीत दोन पायऱ्या खालचा माणूस करत असतो, आणि कधी कधी याच्या अगदी उलटही घडते. एकाच पदनामाखाली दोन लेव्हल असणे हेही नेहमीचेच आहे. त्यामुळे ‘सध्या मी सिनियर आहे आणि ऑफरही सिनियरचीच आहे, म्हणजे बरोबरीची आहे’ हा निष्कर्ष तपासल्याशिवाय काढू नये.

यावर उपाय साधा आहे. वाटाघाटीचा एकही शब्द लिहिण्याआधी दोन-तीन ओळींचा ई-मेल पाठवून हे विचारावे: हे पद कोणत्या लेव्हलवर आहे, त्या लेव्हलकडून असलेल्या अपेक्षांचे लेखी वर्णन मिळेल का, तिचा पगारपट्टा कुठून कुठपर्यंत आहे, आणि हिच्या वर व खाली कोणती लेव्हल येते. पगारपट्टा सांगायला काही कंपन्या नकार देतात, पण लेव्हल सांगायला सहसा हरकत नसते. मूळ पगार, बोनसचे प्रमाण आणि असल्यास शेअर यांची फोड मिळाली, तर पट्ट्याचा अंदाज त्यावरूनही बांधता येतो.

चूक: आधी पगार वाढवून घेणे आणि मग लेव्हलचा विषय काढणे

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ती करताना आपण वाटाघाट जिंकल्यासारखे वाटते. एक उदाहरण आकड्यांसह पाहू. आकडे मानलेले आहेत. त्यांना चलन नाही, केवळ प्रमाण आहे.

समजा, चौथ्या लेव्हलचा पगारपट्टा 80 ते 120 आहे आणि पाचव्या लेव्हलचा 105 ते 155. एका अभियंत्याला चौथ्या लेव्हलवर 108 ची ऑफर आली. त्याने 120 मागितले, दोन फेऱ्यांनंतर 117 वर सौदा ठरला आणि तो समाधानी झाला. मात्र 117 हा आकडा त्या पट्ट्याच्या छताला जवळजवळ टेकलेला आहे. अनेक कंपन्यांमध्ये वार्षिक वाढ दोन गोष्टींवरून ठरते: कामाचे मूल्यांकन आणि पट्ट्यातील तुमची जागा. पट्ट्याच्या वरच्या टोकाशी असलेल्या माणसाला तितक्याच चांगल्या मूल्यांकनावर कमी टक्के वाढ मिळते, आणि छताला पोहोचल्यावर काही ठिकाणी वाढ मूळ पगारात न मिळवता एकरकमी दिली जाते. दोन वर्षांनी पाचव्या लेव्हलवर बढती मिळाली, तरी त्याचा पगार नव्या पट्ट्यात आधीच बसत असल्यामुळे कंपनीला मोठी वाढ देण्याचे कारण उरत नाही.

आता दुसरी शक्यता पाहा. त्याच माणसाने आधी पाचवी लेव्हल मिळवली आणि पगार 115 वर ठरला, म्हणजे मूळ पगार 2 ने कमी. चौथ्या लेव्हलचा लक्ष्य बोनस मूळ पगाराच्या 10 टक्के आणि पाचवीचा 15 टक्के धरला, तर पहिल्या शक्यतेत वर्षाचे 128.7 होतात आणि दुसरीत 132.25. शिवाय पाचव्या लेव्हलच्या पट्ट्याचा मध्य 130 असल्याने वाढीला पुरेशी जागा शिल्लक राहते. पगाराची ओळ एवढीच वाचणाऱ्याला मात्र पहिली ऑफर सरस वाटेल.

म्हणून उत्तराचा क्रम असा ठेवावा: आधी लेव्हल, मग तिला साजेसे पदनाम आणि शेवटी पगार. ‘या लेव्हलला आम्ही याहून जास्त देऊ शकत नाही’ असे रिक्रूटर म्हणाला, तर तो नकार जरूर आहे, पण खरी अडचण लेव्हलची आहे ही माहितीही त्यात आहे. मात्र पगार मान्य केल्यानंतर लेव्हलचा विषय काढला, तर समोरच्याला नव्याने मंजुरी घ्यावी लागते आणि आपण शब्द फिरवला असे त्याला वाटते.

चूक: अनुभवाची वर्षे मोजून दाखवणे

‘मला नऊ वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे पाचवी लेव्हल मिळावी’ हा युक्तिवाद कमकुवत आहे. लेव्हलची वर्णने प्रामुख्याने कामाच्या आवाक्याबद्दल बोलतात: माणूस आपले काम स्वतंत्रपणे पार पाडतो की संपूर्ण टीमची दिशा ठरवतो, त्याच्या निर्णयांचा परिणाम एका टीमपुरता आहे की अनेक टीमवर, आणि प्रश्न त्याच्यासमोर मांडून दिलेला असतो की तो स्वतः शोधून मांडतो. नऊ वर्षे एकाच आवाक्याचे काम करणारे लोक असतात, हे निवड करणाऱ्यांना चांगले माहीत असते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लेव्हल बदलण्याचा अधिकार सहसा एकट्या रिक्रूटरकडे नसतो. मुलाखत घेणाऱ्यांच्या नोंदी, हायरिंग मॅनेजरचे मत, त्या जागेसाठी मंजूर झालेली लेव्हल आणि बजेट या सर्वांतून तो निर्णय झालेला असतो. तुमचा ई-मेल रिक्रूटर वाचतो खरा, पण तो पुढे पाठवला जाणार असतो. त्यामुळे मॅनेजरला जसाच्या तसा मंजुरीसाठी वापरता येईल असा मजकूर लिहावा. आपली बाजू फोनवर कितीही छान मांडली, तरी ती पुढे पोहोचेपर्यंत ‘उमेदवाराला वरची लेव्हल हवी आहे’ एवढ्या एका वाक्यावर येते.

वरच्या उदाहरणातील अभियंत्याचे उत्तर साधारण असे असायला हवे होते:

> नमस्कार,
>
> ऑफरबद्दल मनःपूर्वक आभार. टीमचे काम मला आवडले आहे आणि रुजू होण्याची माझी इच्छा आहे. पगाराबद्दल बोलण्यापूर्वी लेव्हलचा मुद्दा आपल्यासमोर ठेवू इच्छितो.
>
> ऑफर चौथ्या लेव्हलची आहे. आपण पाठवलेल्या वर्णनानुसार त्या लेव्हलवर एका टीममधील कामाची जबाबदारी अपेक्षित आहे. जाहिरातीत आणि मॅनेजरसोबतच्या मुलाखतीत मात्र दोन टीमच्या तांत्रिक रचनेची जबाबदारी या पदाकडे असेल असे सांगितले होते, आणि ते वर्णन पाचव्या लेव्हलशी जुळते.
>
> सध्याच्या नोकरीत मी याच स्वरूपाचे काम करत आहे. बिलिंगची जुनी प्रणाली बदलण्याचा प्रस्ताव मी मांडला, तीन टीमची त्यावर सहमती मिळवली आणि 14 महिन्यांत सेवा बंद न ठेवता स्थलांतर पूर्ण केले. त्या काळात दोन सहकाऱ्यांना मी पुढच्या लेव्हलसाठी तयार केले.
>
> या आधारावर पाचव्या लेव्हलचा विचार व्हावा अशी विनंती आहे. त्यासाठी आणखी एखादी मुलाखत आवश्यक असल्यास माझी तयारी आहे. हा निर्णय झाल्यावर पगाराबद्दल बोलता येईल.

या उत्तरात धमकी नाही आणि दुसऱ्या ऑफरचा धाकही नाही. जाहिरातीतले काम आणि देऊ केलेली लेव्हल यांच्यातील तफावत कंपनीच्याच शब्दांत दाखवलेली आहे, आणि ती खोडून काढायला सर्वांत अवघड असते. पुरावा म्हणून एकच काम निवडले आहे, पण त्यात पुढाकार, आवाका आणि निकाल हे तिन्ही दिसतात. अतिरिक्त मुलाखतीची तयारीही मनापासून असेल तरच लिहावी, कारण ती खरोखर घेतली जाते.

चूक: केवळ पदनाम मिळाल्यावर लेव्हल मिळाली असे समजणे

लेव्हल वाढवण्यासाठी मंजुरी आणि पैसा लागतो, तर पदनाम बदलायला फारसे काही लागत नाही. त्यामुळे ‘लीड’ हे पदनाम देऊन लेव्हल चौथीच ठेवण्याची तडजोड अनेकदा पुढे केली जाते. ती वाईटच असते असे मी म्हणणार नाही. ग्राहकांसमोर किंवा इतर विभागांसमोर उभे राहण्याचे काम असेल, तर पदनामाचा उपयोग होतो, आणि पुढच्या नोकरीच्या वेळी बायोडेटा चाळणाऱ्याला तेच दिसते. परंतु पगारपट्टा, बोनस आणि बढतीची पुढची पायरी त्यामुळे तसूभरही हलत नाहीत. तेव्हा ‘पदनामासोबत लेव्हलही बदलत आहे का?’ हा प्रश्न स्पष्ट विचारावा. तडजोड स्वीकारायचीच असेल, तर ते पदनाम ऑफर लेटरवर आणि कंपनीच्या नोंदीत येईल याची खात्री करावी. केवळ ई-मेलच्या सहीखाली असलेले पदनाम पुढे पार्श्वभूमी तपासणीत कंपनीच्या नोंदीशी जुळत नाही आणि त्याचा खुलासा आपल्यालाच करावा लागतो.

चूक: ‘सहा महिन्यांनी पाहू’ यावर विसंबणे

हे आश्वासन देणारा बहुधा प्रामाणिकच असतो, पण सहा महिन्यांत मॅनेजर बदलतो, बजेट गोठते किंवा बढत्या वर्षातून एकदाच होतात असे कळते. त्यामुळे तीन बाबी लेखी मागाव्यात: आढावा कोणत्या महिन्यात होईल, कोणत्या निकषांवर होईल, आणि निकष पूर्ण झाल्यास लेव्हल व पगार दोन्ही बदलतील का. बढतीची हमी सहसा कोणी लिहून देत नाही, आणि तशी मागू नये. आढाव्याची तारीख व निकष मात्र मिळू शकतात. तेही लिहून द्यायला कोणी तयार नसेल, तर त्या आश्वासनाची किंमत शून्य धरून समोरची ऑफर तपासावी.

चूक: पेलणार नाही ती लेव्हल मागणे

हा मुद्दा बोलला जात नाही. वरच्या लेव्हलवर आलेल्या नव्या माणसाचे मूल्यांकन पहिल्या दिवसापासून त्याच लेव्हलच्या मापाने होते. ओळखी नाहीत, प्रणाली माहीत नाही, तरीही दोन टीमची दिशा ठरवण्याची अपेक्षा असते. लेव्हलचे वर्णन हाती आल्यावर त्यातील प्रत्येक अपेक्षेपुढे आपले एकेक प्रत्यक्ष काम लिहून पाहावे. बहुतेक जागा भरल्या, तर मागणी रास्त आहे. निम्म्या रिकाम्या राहिल्या, तर आत्ताची लेव्हल स्वीकारून तिच्या पट्ट्यात पगार वाढवून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

बोलणे कसेही संपो, सही करण्यापूर्वी सुधारित ऑफर लेटरवर पदनाम आणि लेव्हल दोन्ही आहेत का ते पाहावे. काही कंपन्यांच्या पत्राच्या नमुन्यात लेव्हलसाठी जागाच नसते. अशा वेळी ‘आपल्या बोलण्यानुसार हे पद पाचव्या लेव्हलवर आहे, कृपया दुजोरा द्यावा’ असा एका ओळीचा ई-मेल पाठवावा आणि त्याचे उत्तर हाती आल्यानंतरच सही करावी.