आयताचा द्वितीय आघूर्ण तळाभोवती कसा काढावा आणि अक्ष कसा सरकवावा

क्षेत्रफळाचा द्वितीय आघूर्ण, म्हणजे अभियंते ज्याला नुसतं ‘एमआय’ म्हणतात तो, बहुतेकांना सूत्र म्हणून पाठ असतो. अडचण येते ती सूत्र दोन ठिकाणी दोन प्रकारचं दिसलं की. कुठे भागिले ३, कुठे भागिले १२. हे दोन्ही एकाच आयताचे आकडे आहेत, फक्त अंतर मोजायची रेषा वेगळी. ही गोष्ट एकदा हाताने मोजून पाहिली की मग विसरत नाही, म्हणून सूत्राआधी मोजणीच करू.

एक आयत घ्या, रुंदी ६ सेंमी आणि उंची १२ सेंमी. अक्ष म्हणून त्याची तळाची बाजू धरा. आता आयताचे आडवे चार समान तुकडे करा. प्रत्येक पट्टी ६ सेंमी रुंद, ३ सेंमी जाड, क्षेत्रफळ १८ चौरस सेंमी. तळापासून पट्ट्यांच्या मध्यांची अंतरं १.५, ४.५, ७.५ आणि १०.५ सेंमी. व्याख्या एवढंच सांगते की क्षेत्रफळाच्या प्रत्येक कणाला त्याच्या अंतराच्या वर्गाने गुणा आणि सगळं मिळवा.

अंतरांचे वर्ग २.२५, २०.२५, ५६.२५ आणि ११०.२५, त्यांची बेरीज १८९. तिला १८ ने गुणलं की ३४०२ सेंमी⁴.

पुढे जाण्याआधी सगळ्यात वरच्या पट्टीकडे बघा. तिचा वाटा १९८४.५, तर तळाच्या पट्टीचा फक्त ४०.५. क्षेत्रफळ तेच, अंतर सातपट, वाटा एकोणपन्नासपट. अक्षापासून दूर असलेलं क्षेत्रफळ असं भाव खाऊन जातं.

आता खरं उत्तर काढू. पट्ट्या जाड न ठेवता अगदी पातळ करायच्या. आयताची रुंदी b आणि उंची h धरू. तळापासून y उंचीवर dy जाडीची पट्टी घेतली तर तिचं क्षेत्रफळ b·dy, आणि 0 पासून h पर्यंत संकलन केलं की

I(तळ) = ∫ y²·b·dy = b·h³/3

आपल्या आयतासाठी ६ × १७२८ ÷ ३ = ३४५६ सेंमी⁴. आणि पट्ट्यांनी आलं होतं ३४०२. म्हणजे ५४ कमी.

हे ५४ कुठे गेले? बरेच जण ‘अंदाजातली चूक’ म्हणून पुढे जातात, पण सगळा विषय इथेच आहे. आपण प्रत्येक पट्टीचं सगळं क्षेत्रफळ तिच्या मध्यरेषेवर गोळा झालंय असं धरलं. प्रत्यक्षात पट्टी त्या रेषेच्या वर-खाली दीड-दीड सेंमी पसरलेली आहे, आणि त्या पसरण्याचाही एक आघूर्ण असतो. तो b·h³/12 ने येतो, इथे h म्हणजे पट्टीची जाडी: ६ × २७ ÷ १२ = १३.५. चार पट्ट्यांचे ५४. हिशोब काट्यावर जुळला.

समांतर अक्ष प्रमेय म्हणजे हाच हिशोब. कोणत्याही आकाराचा आघूर्ण दोन भागांत येतो: त्याचा स्वतःच्या सेंट्रॉइडमधून, म्हणजे क्षेत्रफळाच्या मध्यबिंदूतून, जाणाऱ्या अक्षाभोवतीचा, आणि सगळं क्षेत्रफळ सेंट्रॉइडवर आहे असं मानून येणारा.

I = I(सेंट्रॉइड) + A·d²

इथे A म्हणजे क्षेत्रफळ आणि d म्हणजे सेंट्रॉइडपासून अक्षापर्यंतचं अंतर.

तळावरून सेंट्रॉइडकडे येताना

आयताचा सेंट्रॉइड निम्म्या उंचीवर, म्हणजे तळापासून ६ सेंमीवर. क्षेत्रफळ ७२, d² = ३६, गुणाकार २५९२. तळाभोवतीच्या ३४५६ मधून हा वजा केला की ८६४. पडताळा: ६ × १७२८ ÷ १२ = ८६४. सेंट्रॉइडकडे येताना वजाबाकी, सेंट्रॉइडपासून दूर जाताना बेरीज. समांतर अक्षांमध्ये सेंट्रॉइडचा आघूर्ण नेहमी सगळ्यात लहान असतो, त्यामुळे तुमचं उत्तर त्याहून कमी आलं तर चिन्ह चुकलंय हे लगेच कळतं. आयताच्या बाबतीत आणखी एक सोपी खूण आहे: तळाभोवतीचा आकडा मधल्याच्या बरोबर चौपट हवा.

घन कुठल्या बाजूचा करायचा यात गोंधळ असेल तर अक्षाला काटकोनात असलेली बाजू बघा. तिचाच घन.

इथे सगळ्यात जास्त मार्क जातात

समजा त्याच आयताचा आघूर्ण तळाच्या ५ सेंमी खाली असलेल्या रेषेभोवती हवा आहे. तळाभोवतीचा ३४५६ हाताशी आहेच, म्हणून त्यातच ७२ × २५ = १८०० मिळवायचा मोह होतो. उत्तर ५२५६ येतं, आणि ते चूक आहे.

बरोबर रीत अशी: आधी सेंट्रॉइडवर या, मग तिथून नव्या अक्षापर्यंतचं पूर्ण अंतर घ्या. ६ + ५ = ११ सेंमी. मग ८६४ + ७२ × १२१ = ९५७६. जवळजवळ दुप्पट फरक! खात्री हवी असेल तर नव्या रेषेपासून १७ सेंमी उंच आयत कल्पा आणि त्यातून ५ सेंमी उंच आयत काढून टाका. दोघांचा तळ त्याच रेषेवर आहे, म्हणून दोन्हींना b·h³/3 लागू पडतं. ६ × (४९१३ − १२५) ÷ ३ = ९५७६.

थेट सरकवलं की का फसतं, तेही बघू. एखाद्या कणाचं जुन्या अक्षापासूनचं अंतर u असेल तर नव्यापासूनचं u + d. त्याचा वर्ग u² + 2ud + d². मधलं पद सगळ्या क्षेत्रफळावर मिळवलं की शून्य होतं, पण u सेंट्रॉइडपासून मोजलेलं असेल तरच, कारण तिथे वरचे धन आणि खालचे ऋण एकमेकांना खातात. तळापासून मोजलं तर सगळे u धनच. मधलं पद उरतं: २ × ७२ × ६ × ५ = ४३२०. चुकीच्या ५२५६ मध्ये नेमके एवढेच कमी होते.

तळाभोवतीचा आकडा प्रत्यक्ष कुठे लागतो

६ सेंमी रुंद आणि ६ सेंमी जाड अशा दोन फळ्या एकावर एक ठेवून तुळई करा. नुसत्या ठेवल्या आणि एकमेकींवरून मोकळ्या घसरू शकत असतील, तर प्रत्येक आपापल्या मध्याभोवती वाकते: ६ × २१६ ÷ १२ = १०८, दोन्ही मिळून २१६. त्याच फळ्या पक्क्या चिकटवल्या तर दोघींचा वाकण्याचा अक्ष सांध्यावर येतो. वरच्या फळीसाठी ती रेषा तिचा तळ आहे, खालचीसाठी माथा; दोन्हीकडे b·h³/3, म्हणजे ४३२. एकूण ८६४, आपल्या मूळ आयताचाच आकडा. लाकूड तेवढंच राहिलं आणि ताठपणा चौपट झाला. मात्र हा आकडा सांधा अजिबात सरकत नाही तोवरच खरा. सांधा उकलून पूर्ण घसरू लागला की तुळई पुन्हा २१६ वर येते.