ओल्या कचऱ्याच्या बादलीतील चिलटे कशी संपवावीत

आंब्याच्या दिवसांत स्वयंपाकघरात चिलटे झाली की ओट्यावर कापूर ठेवा, लिंबात लवंगा खोचा, असे सल्ले चहूकडून येतात. त्यांनी चिलटे फार तर ओट्यावरून उठून खिडकीवर बसतात, कारण त्यांची पैदास जिथे चालू असते त्या कचऱ्याच्या बादलीला या उपायांचा काहीच उपद्रव होत नाही.

सुरुवात चिरण्याच्या जागेपासून करावी. साली आणि देठ विळीशेजारी उघड्या ताटलीत साठवू नयेत. त्यांसाठी झाकणाचा लहान डबा ठेवावा आणि चिरणे संपताच तो रिकामा करून धुवावा. खताची बादली सिंकखालच्या दमट, अंधाऱ्या कपाटात न ठेवता बाल्कनीत सावलीत ठेवावी. मासळी व कोंबडीचा कचरा या बादलीत मुळीच घालू नये. तो कागदात गुंडाळून त्याच दिवशी घराबाहेर जाऊ द्यावा. कचऱ्याच्या झाकणाला हात लागल्यावर तो साबणाने धुतल्याशिवाय कणकेला लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

खरी मेख पुढे आहे. चिलटाची मादी पिकलेल्या, आंबू लागलेल्या फळावर अंडी घालते, आणि पुष्कळदा ही अंडी बाजारातूनच सालीवर बसून घरी येतात. साधारण 25 अंश तापमानात अंड्यातून एका दिवसात अळी निघते, चार-पाच दिवस ओला लगदा खाते आणि मग कोष करण्यासाठी कोरड्या जागेच्या शोधात वर चढते. म्हणजे कोष बहुतांशी कचऱ्याच्या वर, बादलीच्या आतल्या कडेला, झाकणाच्या खाचेत आणि मुठीच्या सांध्यात चिकटलेले असतात. तांदळाच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी आणि घट्ट चिकटलेले हे कोष वाळलेल्या चहापत्तीसारखे दिसतात, त्यामुळे ते नजरेतून सुटतात. बादली रोज रिकामी करूनही, नुसत्या पाण्याने विसळूनही चिलटे का येत राहतात, याचे उत्तर इथे आहे.

सोमवारी टाकलेल्या आंब्याच्या सालीचेच उदाहरण घ्या. मंगळवारी तिच्यावर अळ्या असतील, रविवारच्या सुमारास त्या कडेवर कोष करतील आणि पुढच्या बुधवार-गुरुवारपासून नवी चिलटे उडू लागतील. उन्हाळ्यात हे सारे याहून थोडे लवकरही घडते. म्हणून आठवड्यातून दोनदा बादली रिकामी करून तिची कड, झाकणाची खाच आणि मूठ जुन्या दातांच्या ब्रशने, साबणाच्या गरम पाण्याने घासावी व उन्हात पूर्ण वाळवावी. यात आळस केला तर बाकीचे सगळे व्यर्थ जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. खत तिथेच मुरवण्याची बादली अशी रिकामी करता येत नाही. तिची वरची कोरडी कड आणि झाकण तरी त्याच नेमाने पुसावे व घासावे.

आंबा, केळी, अननस यांच्या साली बादलीत टाकण्यापूर्वी कागदात बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. गोठल्याने अंडी आणि अळ्या मरतात. घरच्यांना हे किळसवाणे वाटते, पण ज्या फळाची ही साल, ते फळ कालपर्यंत फ्रीजमध्येच होते. बादलीत ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच, किंबहुना थोडा जास्त, कोरड्या पानांचा किंवा भुशाचा थर द्यावा आणि फळाचा एकही तुकडा वर उघडा राहू देऊ नये. मूठभर मिश्रण पिळून पाहावे: बोटांतून पाणी ठिबकले तर कोरडे साहित्य कमी पडले आहे. झाकणाच्या भोकांवर मच्छरदाणीचा तुकडा लावणारे बरेच आहेत. तिच्या भोकांतून लहान चिलटे आत शिरू शकतात, तेव्हा मलमलीचे कापड ताणून बांधावे.

उरलेल्या माश्यांसाठी वाटीत अतिपिकलेल्या केळ्याचा तुकडा, थोडे पाणी व भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब घालून ती ओट्यापासून दूर ठेवावी आणि दोन दिवसांनी बदलावी. सापळ्याने फक्त उडणारी चिलटे मरतात, म्हणून कड घासणे चालू ठेवून तो निदान दोन आठवडे ठेवावा.

एवढे करूनही माश्या राहिल्याच, तर त्या बादलीतल्या नसाव्यात. रात्री सिंकच्या भोकावर चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, हवेला थोडी फट ठेवून लावावी. सकाळी तिला माश्या चिकटलेल्या आढळल्या तर त्या नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढत आहेत. पतंगासारखे केसाळ पंख असतील तर त्या चिलटे नसून मोरीच्या माश्या आहेत. नुसते उकळते पाणी ओतून तो थर सुटत नाही, नळी लांब ब्रशने आतून खरवडावी लागते. कुंड्यांभोवतीच घोटाळणाऱ्या काळ्या, बारीक माश्या मात्र ओल्या मातीतल्या असतात. त्यांच्यासाठी मातीचा वरचा थर कोरडा होऊ देऊन मगच पाणी घालावे.