लिमिटिंग रीएजंट: ५.४ ग्रॅम अॅल्युमिनियमचं एक गणित

तुझा मेसेज वाचला. "ताई, मोल काढता येतात, पण त्यापुढे काय करायचं तेच कळत नाही." बुधवारी इंटर्नल आहे, म्हणून दहा गणितांऐवजी एकच लिहून पाठवते. कोथरूडहून बसने येताना वही उघडून हेच एक सोडव.

५.४ ग्रॅम अॅल्युमिनियम आणि १७.७५ ग्रॅम क्लोरीन वायू यांची अभिक्रिया झाली. जास्तीत जास्त किती ग्रॅम अॅल्युमिनियम क्लोराइड मिळेल आणि काय उरेल?

2Al + 3Cl₂ → 2AlCl₃

आधी ग्रॅमचे मोल कर. अॅल्युमिनियम: ५.४ भागिले २७, म्हणजे ०.२ मोल. क्लोरीन: १७.७५ भागिले ७१, म्हणजे ०.२५ मोल. इथे ३५.५ ने भागायचा मोह होतो, कारण आवर्तसारणीत तोच आकडा दिसतो. पण समीकरणात Cl₂ लिहिलंय, म्हणून ७१.

आता बघ, क्लोरीन ग्रॅममध्येही जास्त आहे आणि मोलमध्येही. तरी आधी तोच संपणार आहे. वर्गात सगळे वडापावाचं उदाहरण देतात, पण एका वड्याला एकच पाव लागतो, त्यामुळे जो ढीग लहान तो आधी संपतो एवढंच त्यातून डोक्यात बसतं. इथे २ मोल अॅल्युमिनियमला ३ मोल क्लोरीन लागतो. म्हणून 'कोण कमी आहे' असं विचारू नकोस. 'एकाला पुरेल इतका दुसरा आहे का' असं विचार. ०.२ मोल अॅल्युमिनियम पूर्ण वापरायचं तर ०.२ × ३/२ = ०.३ मोल क्लोरीन हवा. आपल्याकडे ०.२५ आहे. पुरत नाही, म्हणजे क्लोरीन हा लिमिटिंग रीएजंट.

इथून पुढे अॅल्युमिनियमचे ०.२ मोल विसर. ते उरणार आहे, त्यामुळे उत्पादित किती मिळेल हे त्याला ठरवता येत नाही. क्लोरीनवरून: ०.२५ × २/३ = ०.१६६७ मोल AlCl₃. मोलर वस्तुमान १३३.५, म्हणून २२.२५ ग्रॅम. तेवढंच, म्हणजे ०.१६६७ मोल अॅल्युमिनियम खर्ची पडलं. त्याचे ४.५ ग्रॅम होतात, म्हणून ०.९ ग्रॅम उरलं.

ताळा करायला अर्धा मिनिट लागतो, तो सोडू नकोस. सुरुवातीला होतं ५.४ + १७.७५ = २३.१५ ग्रॅम. शेवटी आहे २२.२५ + ०.९ = २३.१५ ग्रॅम. जमलं.

तू चुकून अॅल्युमिनियमवरून उत्तर काढलंस तर ०.२ मोल, म्हणजे २६.७ ग्रॅम येतील. दोन्ही मिळून २३.१५ ग्रॅमच होते, मग २६.७ आले कुठून? आणि ७१ ऐवजी ३५.५ ने भागलंस तर क्लोरीन ०.५ मोल होतो, अॅल्युमिनियम लिमिटिंग वाटतं आणि उत्तर पुन्हा तेच २६.७ येतं. म्हणून हा आकडा दिसला की दोन जागा तपास: कोणत्या पदार्थावरून गणित पुढे नेलं, आणि Cl₂ चं मोलर वस्तुमान. मात्र प्रत्येक चूक अशी एकूण वस्तुमानाच्या वर जाऊन पकडली जात नाही, म्हणून उरलेल्यासकट बेरीज कर. ०.१६६७ ऐवजी ०.१७ घेतलंस तर २२.७ येतं, ते दिसायला ठीकच वाटतं. पण उरलेलं ०.०३ मोल, म्हणजे ०.८१ ग्रॅम धरलंस की बेरीज २३.५ होते. म्हणून मधे आकडे छाटू नकोस, शेवटी एकदाच छाट.

तुझ्या मैत्रिणी मोलना सहगुणकाने भागून लहान आकडा निवडतात: ०.२/२ = ०.१ आणि ०.२५/३ = ०.०८३३. पद्धत बरोबर आहे आणि वेळही वाचवते. फक्त हे ०.०८३३ म्हणजे क्लोरीनचे मोल नव्हेत. त्याला पुन्हा २/३ ने गुणलंस तर उत्तर तिपटीने कमी येईल. ही पद्धत वापरलीस तर त्याला थेट AlCl₃ च्या सहगुणकाने, म्हणजे २ ने गुण.

प्रश्नात 'जास्त प्रमाणात क्लोरीन' असं लिहिलेलं असेल तर तुलना करायचीच नाही, दुसरा पदार्थच लिमिटिंग. आणि शेवटच्या उपप्रश्नात 'प्रत्यक्षात २० ग्रॅम मिळाले, टक्केवारी उत्पन्न काढा' असं आलं तर खाली २२.२५ घ्यायचे: २०/२२.२५ × १००, म्हणजे साधारण ८९.९ टक्के.