घेरदार जॉर्जेटची कड कशी दुमडायची? ब्लाइंड हेम, रोल हेम आणि वजनदार कडेतल्या या चुका टाळा

लग्नसराईत माझ्याकडे जॉर्जेटचा एक अंब्रेला ड्रेस दुरुस्तीला आला. कमरेपासून खाली पूर्ण गोल घेर, लांबी 34 इंच, कंबर 30. शिवणारीने कड एक इंच आत दुमडून अगदी मन लावून हाताने हेम घातली होती. टाके बारीक होते, उलगडून पाहिलं तरी दोष सापडत नव्हता. पण अंगावर घातल्यावर खालची कड चुण्या पडल्यासारखी दिसायची आणि दोन बाजूंना लोंबायची. मुलीच्या आईला वाटलं कापडच हलकं निघालं. कापड चांगलं होतं. कडेचा प्रकार त्या कापडाला आणि त्या कटाला जुळणारा नव्हता.

या एका ड्रेसमध्ये कड निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका एकत्र आल्या होत्या, म्हणून तोच धरून सांगते.

आधी ओळखा, चूक टाक्याची आहे की कापडाची

कड नागमोडी दिसली की बहुतेक जणी लगेच उसवायला घेतात. त्याआधी कपडा टेबलावर सपाट पसरा. टेबलावरही कड लाटांसारखी उठत असेल तर शिवताना ती ताणली गेली आहे, किंवा आत जास्तीचं कापड कोंबलं गेलं आहे. टेबलावर सपाट बसते, पण हँगरला लावल्यावर कुठे खाली, कुठे वर जाते, अशी असेल तर टाक्याचा दोष नाही. तिथे उरेब, म्हणजे तिरप्या धाग्याचं कापड स्वतःच्या वजनाने उतरलं आहे. पहिल्या बाबतीत कड नव्याने शिवावी लागते. दुसऱ्यात आधी लांबी सारखी करून घ्यावी लागते, नाहीतर पुन्हा शिवलं तरी कड वाकडीच राहते.

या ड्रेसमध्ये दोन्ही दोष होते.

गोल घेराला रुंद दुमड: सगळ्यात नडणारी चूक

सरळ कापडाच्या परकराला तुम्ही दोन काय, तीन इंचही आत दुमडू शकता. कड सरळ असल्यामुळे आत गेलेलं कापड वरच्या कापडाइतक्याच लांबीचं असतं. वाढत्या मुलीच्या परकराला आपल्याकडे मोठी दुमड ठेवायची आणि दरवर्षी सोडायची रीत होती. ती जमायची ती याचमुळे.

गोल घेरात हिशेब बदलतो. कापलेली कड सगळ्यात बाहेर, म्हणजे सगळ्यात लांब असते. ती एक इंच आत दुमडली की जिथे जाऊन बसते ती रेषा मूळ जागेपासून दोन इंच आत असते आणि तिथला घेर लहान असतो. पूर्ण गोलात हा फरक साडेबारा इंच येतो. मोठ्या बाईचा ड्रेस असो की लहान मुलीचा फ्रॉक, एक इंच दुमडीला साडेबारा इंच हे ठरलेलंच. माझ्याकडच्या ड्रेसचा घेर जवळजवळ 244 इंच होता, आणि ती कड बसवायची जागा 231 इंचांच्या आसपास. उरलेलं साडेबारा इंच कापड टाक्याटाक्यात चुणी होऊन बसलं होतं आणि पातळ जॉर्जेटमधून बाहेर दिसत होतं.

दुमड पाव इंच केली तर हाच फरक तीन इंचांवर येतो. अष्टमांश इंच केली तर दीड इंचावर. एवढं कापड 244 इंचांत सहज जिरतं. म्हणून पूर्ण गोल घेराला रोल हेम, म्हणजे अगदी बारीक गुंडाळी. अर्ध्या गोलाला फरक निम्मा पडतो आणि थोड्या जाड कापडाला अर्धा इंच दुमड चालून जाते. कळ्यांच्या घागऱ्याला प्रत्येक कळीची कड जवळजवळ सरळ असेल तर मोठी दुमडही बसते. तिथे कळी किती वक्र कापली आहे ते पाहून ठरवा.

कापल्याबरोबर कड शिवू नका

गोल कटमध्ये चार ठिकाणी कापड उरेबमध्ये येतं. तिथे उभा आणि आडवा धागा दोन्ही तिरपे लटकतात, आणि जॉर्जेट, शिफॉन, क्रेप हळूहळू खाली उतरतात. मी त्या ड्रेसची दुमड उसवली, इस्त्री केली आणि दोन रात्री हँगरला लावून ठेवला. चारही उरेब जागा सरळ धाग्याच्या जागांपेक्षा सव्वा इंच खाली आल्या होत्या. पहिली शिलाई कापल्याच्या दिवशीच झाली असणार, त्यामुळे हे उतरणं नंतर अंगावर झालं.

लांबी सारखी करताना कमरेकडून मोजू नका, जमिनीपासून मोजा. ड्रेस जिच्यासाठी आहे तिला नेहमीच्या चपला किंवा हिल्स घालून उभं करा. पट्टी जमिनीवर उभी धरून त्याच उंचीला खडूने खुणा करत सगळीकडे फिरा. तिला वाकू किंवा वळू देऊ नका, तुम्ही फिरा. मग खुणांखाली अर्धा इंच ठेवून बाकीचं कापा.

रोल हेम बिघडते ती इथे

घरच्या मशीनवर मी गुंडाळी तीन टिपांत करते. कडेपासून पाव इंचावर पहिली टीप. त्या टिपेवरून कापड उलट बाजूला दुमडून, घडीच्या अगदी जवळून दुसरी टीप. मग दुसऱ्या टिपेच्या बाहेर उरलेलं कापड बारीक कात्रीने टिपेलगत कातरायचं, आणि तीच घडी पुन्हा एकदा आत घेऊन तिसरी टीप. कड अष्टमांश इंचाची होते. सुई 9 किंवा 11 नंबरची, धागा बारीक, टाका लहान. वेळ लागतो, पण पहिली टीप कापडाला ताणू देत नाही, हा तिचा खरा उपयोग.

पिको मशीनवर हे काम काही मिनिटांत होतं आणि सरळ कडेला, म्हणजे साडीच्या पदराला किंवा ओढणीला पिको उत्तमच. उरेब कडेला मात्र दाट पिको कापड ताणत जातो आणि कड कोबीच्या पानासारखी फुलते. कुणाला तशीच हवी असते, ते वेगळं. नको असेल तर आधी कडेला एक साधी टीप मारून घ्या, पिको थोडा विरळ ठेवायला सांगा आणि मागून कापड ओढू नका असं आवर्जून सांगा.

जोडाच्या जागी गुंडाळी जाड होऊन गाठ दिसते. तिथे शेवटच्या अर्ध्या इंचात जोडाची माया निम्मी कातरून टाका. आणि रोल हेम पातळ कापडाचीच. टेरिकॉटनला, लिननला किंवा रॉ सिल्कला ती घातली तर कड दोरीसारखी ताठ होते आणि धुतल्यावर उलटी वळते.

उडतंय म्हणून वजन लावताना

रोल हेम कडेला वजन देत नाही. त्या ड्रेसच्या मुलीने ट्रायलला पहिली तक्रार तीच केली: पंख्याखाली घेर उडतो. तिच्या आईने जरीची एक जड बॉर्डर निवडून आणली होती. मी एक मीटर तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, तो 40 ग्रॅम भरला. सव्वासहा मीटर घेराला ही बॉर्डर म्हणजे कडेवर पाव किलो. उरेब जॉर्जेट हे वजन कडेवरच पेलू शकत नाही. ते पुन्हा खाली उतरतं आणि कमरेचा जोड ओढला जातो. ज्यांचा घेर महिन्याभरात वाकडा झाला म्हणून कपडा परत येतो, त्यात अशी बॉर्डर मला पुष्कळदा दिसली आहे.

वजन कुठे लावायचं याचं उत्तर बहुतेकदा अस्तरात असतं. पॅरिसच्या शनेलच्या जॅकेटांत खाली पितळी साखळी असते, ती आतून अस्तराच्या कडेला टाचलेली असते. ड्रेसमध्ये मी साखळी लावली नाही, पण जागा तीच निवडली. क्रेपचं अस्तर पूर्ण गोल न कापता कमी घेराचं, पुढचा-मागचा मधला भाग उभ्या धाग्यावर येईल असं कापलं, बाहेरच्या घेरापेक्षा एक इंच आखूड ठेवलं आणि त्याला दीड इंचाची दुमड दिली. त्या दुमडीचं वजन पायांशी राहतं. वरच्या जॉर्जेटला फक्त हलकी, बारीक लेस. आतलं अस्तर जागेवर राहिल्यामुळे घेर उडणं बरंच कमी झालं.

एक गोष्ट दुकानातही गोंधळाची होते. कॅनकॅनची पट्टी किंवा कडेत घातलेली नायलॉनची तार वजन देत नाही, ताठपणा देते. तिने घेर बाहेर फुलतो. खाली पडायला हवा असेल तर ती उलटं काम करते.

ब्लाइंड हेम जिथे शोभते

टेरिवूलची पँट, खणाचा स्कर्ट, रॉ सिल्कचा सरळ कुर्ता, अंगात थोडी जाडी असलेलं आणि सरळ कडेचं कापड, ही ब्लाइंड हेमची, म्हणजे बाहेरून टाका न दिसणाऱ्या हेमची जागा. अशा कापडात सुईने एकच धागा उचलला तर तो विणीत लपतो. शिफॉनमध्ये लपायला जागाच नसते. तिथे टाका दिसतो, आणि आतली दुमडही गडद पट्टा होऊन दिसते.

सुलट बाजूला बारीक खड्डे दिसत असतील तर धागा ओढून घेतला गेला आहे. एकेरी धागा घ्या, अर्ध्या इंचाला एक टाका पुरे, आणि टाका सैल सोडा. एखाद्याच जागी खड्डा असेल तर तेवढाच टाका कापून पुन्हा घाला, सगळं उसवू नका. खड्डे नसून सलग रेघ उमटली असेल तर ती इस्त्रीची आहे. दुमडीच्या आतल्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून, उलट बाजूने वाफ द्या. इस्त्री फक्त घडीवर दाबा, टाक्यांवर नको.

साडीचा फॉल

फॉल ही आपल्या घराघरातली वजनदार कड. अडीच मीटरची सुती पट्टी निऱ्या खाली धरून ठेवते आणि काठ घासू देत नाही. पण साडी धुतल्यावर फॉलच्या वर चुण्या दिसल्या तर फॉल आटला आहे. सुती फॉल लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायलाच हवा. उलट, नवी सुती साडी न भिजवता तिला पॉलिस्टरचा फॉल लावला तर साडी आटते आणि फॉल पिशवीसारखा लोंबतो. म्हणून आटणारं जे असेल ते आधी आटवून घ्या.

चुण्या आल्याच तर पूर्ण फॉल काढू नका. फक्त वरची हेम उसवा, साडी टेबलावर सपाट पसरून फॉलला हलकी इस्त्री करा आणि जसा बसेल तसा सैल टाक्याने पुन्हा लावा. खालच्या काठालगतची शिलाईही आखडली असेल तरच ती सोडा. पैठणीसारख्या रेशमावर हे सगळं हातानेच करा, कारण मशीनच्या सुईची भोकं रेशमात राहून जातात आणि उसवल्यावर ती काठालगत ओळीने दिसतात.